सोन्याचा कस आणि घडणावळ

गेल्या साली आमच्या मंडळाच्या खात्यात खर्च वजा जाता १८,००० रुपये उरले. त्यांचं काय करायचं, हे ठरवायला पर्युषण आटोपल्यावर बैठक बसली. निम्म्या बायकांचं म्हणणं, बस ठरवून एक दिवस गोव्याच्या समुद्रावर जाऊन येऊ. बाकीच्या म्हणाल्या, बस्तीशेजारच्या खोलीत पुस्तकांचं कपाट करू. मी अर्थातच पुस्तकवाल्यांत. बोलता बोलता माझा तोल गेला आणि मी म्हणाले, "अक्का, पाण्यात पाय सोडून भजी खाण्यात मजा असतेच, पण तो खालच्या दर्जाचा आनंद. वाचनाचा आनंद वरचा."

अक्का आमच्यात सगळ्यात वडील. त्या रागावल्या नाहीत, पण त्यांचा चेहरा उतरला. थोड्या वेळाने हळूच म्हणाल्या, "हे दर्जे कुणी लावले गं?"

मला उत्तर सुचलं नाही. कॉलेजात तत्त्वज्ञान घेऊन पदवी मिळवलेली मी, आणि या प्रश्नाचा तर तिथे अख्खा धडा होता. आपल्याकडे इंद्रियसुख वेगळं आणि आत्मसुख वेगळं, हे लहानपणापासून कानावर पडलेलं असतं. त्यामुळे आनंदाला पायऱ्या असतात हे आपल्याला सहज पटतं. पण प्रवचनातल्या त्या पायऱ्यांना आधार असतो मोक्षाचा. सुखाच्या पलीकडचं काहीतरी मोजपट्टी म्हणून धरलेलं असतं. मी ज्या इंग्रज माणसाचे शब्द उसने घेऊन अक्कांना बोलले होते, त्याने तो आधार घेतलेला नव्हता. सुखाशिवाय दुसरं काहीच मुळात चांगलं नाही, असं मानूनही त्याने सुखात वरचं-खालचं केलं होतं. ते त्याला कसं जमलं, आणि खरंच जमलं का, हे पाहायला मी जुनी पुस्तकं पुन्हा काढली.

गोष्ट सुरू होते जेरेमी बेन्थॅमपासून. हा लंडनचा कायद्याचा पंडित, जन्म १७४८ चा. त्याचं म्हणणं असं की कायदा चांगला की वाईट, हे राजाच्या मर्जीवरून किंवा पाद्र्याच्या सांगण्यावरून ठरवू नये. त्याने लोकांचं सुख किती वाढतं आणि दुःख किती घटतं, ते पाहावं. १७८९ साली प्रसिद्ध झालेल्या ग्रंथात त्याने सुख मोजायच्या सात बाजू दिल्या: ते किती तीव्र आहे, किती वेळ टिकतं, मिळेल याची खात्री किती, किती लवकर मिळेल, त्यातून आणखी सुख निपजेल का, त्यात दुःखाची भेसळ किती, आणि ते किती जणांच्या वाट्याला येईल. या यादीत 'किती' पुन्हा पुन्हा येतो. 'कसलं' हा प्रश्न कुठेच नाही.

हा निव्वळ रुक्षपणा नव्हता. 'कसलं सुख' हा प्रश्न नेहमी वरच्या माणसांनी खालच्यांना विचारलेला असतो. साहेबाची शिकार ती शोभा, आणि मजुराचा खेळ तो उनाडपणा. बेन्थॅमने तो प्रश्नच काढून टाकला आणि मजुराचं सुख साहेबाच्या सुखाशेजारी त्याच तागडीत घातलं.

त्याचं सगळ्यात गाजलेलं विधान 'पुशपिन' या खेळाबद्दलचं आहे. पुशपिन म्हणजे पोराटोरांचा खेळ. टेबलावर दोघांच्या दोन टाचण्या ठेवायच्या आणि बोटाने ढकलत आपली टाचणी दुसऱ्याच्या टाचणीवर आडवी चढवायची. जिंकला त्याला टाचणी. आपल्या सागरगोट्यांइतका साधा. बेन्थॅमने लिहिलं की मनातले पूर्वग्रह बाजूला ठेवले तर पुशपिनची किंमत संगीत आणि काव्य यांच्याइतकीच आहे, आणि पुशपिनने जास्त सुख होत असेल तर त्याची किंमत जास्त.

हे वाक्य बहुतेकांना एवढंच माहीत असतं. मलाही तेवढंच माहीत होतं. ते कुठे आलंय, हे मी या वेळी नीट पाहिलं. ते आहे बक्षिसांवरच्या ग्रंथात, जो इंग्रजीत १८२५ साली निघाला. तिथे चर्चा अशी चालली आहे की सरकारने लोकांच्या पैशातून कोणत्या कलांना आणि विद्यांना उत्तेजन द्यावं. पुशपिन कुणालाही खेळता येतं, काव्य-संगीताची गोडी थोड्यांनाच असते, मग सर्वांच्या पैशावर थोड्यांची आवड का पोसायची, हा त्याचा मुद्दा. म्हणजे लंडनमधला तो वाद आणि आमच्या १८,००० रुपयांचा वाद जातीने एकच निघाला. मंडळाच्या पैशातून चार वाचणाऱ्या बायकांसाठी कपाट, की सव्वीस जणींसाठी बस? बेन्थॅम आमच्या बैठकीत असता तर अक्कांच्या शेजारी बसला असता.

आता दुसरा माणूस, जॉन स्टुअर्ट मिल. जन्म १८०६. त्याचा बाप जेम्स मिल बेन्थॅमचा पट्टशिष्य. मुलगा हाच आपल्या मताचा पुढचा प्रचारक व्हायचा, असं ठरवून त्याने त्याला घरीच शिकवलं. तिसऱ्या वर्षी ग्रीक, आठव्या वर्षी लॅटिन. खेळगडी जवळजवळ नाहीतच. सतराव्या वर्षी बापाच्याच हाताखाली ईस्ट इंडिया कंपनीच्या लंडनच्या कचेरीत नोकरी.

१८२६ च्या पानगळीत, विसाव्या वर्षी, या मुलाने स्वतःला एक प्रश्न विचारला. समाजात ज्या सुधारणा व्हाव्यात म्हणून मी झटतोय त्या सगळ्या या क्षणी झाल्या, तर मला आनंद होईल का? आतून उत्तर आलं, नाही. ते ऐकून तो कोसळला. काम चालू होतं, पण मन मेल्यासारखं झालं. आत्मचरित्रात त्याने हे सगळं मोकळेपणाने लिहिलंय. एक तपशील तर मनाला फारच लागतो. संगीताने त्याला थोडं बरं वाटायचं, पण लगेच दुसरी काळजी लागायची: सप्तकात सूर ते किती थोडे, त्यांच्या जुळण्या कधीतरी संपणारच, मग नव्या सुंदर चाली येणार कुठून? सुखाचा हिशेब मांडायला शिकलेल्या मुलाला गाणं ऐकतानाही शिल्लक मोजल्यावाचून राहवेना.

त्याला हळूहळू बाहेर काढलं ते वाचनाने. एका फ्रेंच लेखकाच्या आठवणींत बाप वारल्यावर लहानगा मुलगा घरच्यांना धीर देतो, तो प्रसंग वाचताना मिलला रडू आलं. आपण दगड झालेलो नाही, हे त्याला त्या अश्रूंनी सांगितलं. पुढे १८२८ मध्ये वर्ड्स्वर्थच्या कविता हाती आल्या आणि मनाला ओलावा मिळाला. ज्या काव्याला बेन्थॅमने टाचण्यांच्या खेळाशेजारी बसवलं होतं, त्याच काव्याने बेन्थॅमच्या लाडक्या शिष्याला वाचवलं. मिलने पुढे सुखाचे दर्जे लावले त्याचं मूळ मला इथे दिसतं. तत्त्वज्ञानाच्या आधी ती त्याची स्वतःची साक्ष होती.

बेन्थॅम १८३२ मध्ये गेला, बाप १८३६ मध्ये. त्यानंतर १८३८ साली मिलने बेन्थॅमवर एक मोठा निबंध लिहिला आणि त्यात ते पुशपिनचं वाक्य दिलं, पण जरा बदलून: सुखाचं प्रमाण सारखं असेल तर पुशपिन काव्याइतकंच चांगलं, अशा अर्थाने. आज सगळीकडे फिरतं ते हे मिलचं वाक्य. त्यात सरकारी पैसा गळाला, थोड्यांची आवड आणि सगळ्यांची आवड हा भेद गळाला. उरला तो फक्त काव्याची कदर नसलेला एक म्हातारा. शिष्याने मुद्दाम केलं असं मी म्हणत नाही. पण स्वतःला ज्याने वाचवलं त्याला कुणी टाचणीच्या भावात मोजलं, तर माणूस बाकीचं वाक्य नीट ऐकत नाही, एवढं खरं.

पुढे टीकाकार जोरात आले. कार्लाईलने १८५० च्या सुमारास सुखवाद्यांच्या मताला डुकरांचं तत्त्वज्ञान म्हणून हिणवलं. सुखच सर्वस्व असेल तर चिखलात लोळणारं डुक्कर आणि माणूस यांत फरक तो काय? मिलने उत्तर दिलं ते १८६१ मध्ये, 'फ्रेझर्स मॅगझिन'च्या ऑक्टोबर ते डिसेंबरच्या अंकांत. १८६३ मध्ये त्याचं पुस्तक झालं.

उत्तर असं. सुखं नुसती कमी-जास्त नसतात, त्यांची जातही वेगवेगळी असते. बुद्धीचं, भावनेचं, कल्पनेचं, नीतीचं सुख हे नुसत्या शरीराच्या सुखाहून वरच्या जातीचं. आणि ते ठरवायचं कसं, तर ज्यांनी दोन्ही सुखं चाखली आहेत त्यांना विचारायचं. त्यांनी, किंवा त्यांच्यातल्या बहुतेकांनी, कुणाच्या दडपणाने नव्हे तर आपणहून एक सुख पसंत केलं, त्यासोबत जास्त असमाधान येणार हे ठाऊक असूनही पसंत केलं, आणि दुसरं सुख कितीही भरभरून देऊ केलं तरी पहिलं सोडायला ते तयार नसले, तर पहिलं वरचं. समाधानी डुकरापेक्षा असमाधानी माणूस होणं बरं, हे त्याचं प्रसिद्ध मत इथलंच. डुकराला ते पटत नसेल तर कारण इतकंच की त्याला एकच बाजू माहीत आहे.

पहिल्यांदा हे वाचलं तेव्हा मला वाटलं होतं, प्रश्न सुटला. आता वाचताना दोन ठिकाणी अडकायला झालं.

पहिली अडचण सोनाराच्या दुकानात लगेच समजते. समजा, दागिन्याची किंमत फक्त त्यातल्या सोन्यावर करायची, असं आपण ठरवलं. दोन बांगड्या, दोन्ही दहा ग्रॅमच्या. सोनार म्हणतो, ही दुसरीपेक्षा सरस. आपण विचारतो, का? तो म्हणतो, हिचा कस जास्त. ठीक. पण कस म्हणजे तरी काय? ९१६ चा शिक्का असलेल्या दहा ग्रॅममध्ये शुद्ध सोनं ९.१६ ग्रॅम, दुसरीत त्याहून कमी. म्हणजे कस हा शब्द वेगळा वाटला तरी शेवटी तो वजनावरच आला. किंवा सोनार म्हणेल, सोनं दोन्हींत तेवढंच, पण हिची घडणावळ पाहा. घडणावळीला पैसे द्यायला आपली हरकत नाही, पण मग 'फक्त सोन्यावर किंमत' हे बोलणं सोडून द्यावं लागेल. कारण घडणावळ म्हणजे सोनं नव्हे.

मिलची गत अशीच होते. काव्याचं सुख वरचं का? ते जास्त खोल, जास्त टिकाऊ, म्हणून, असं म्हटलं तर तो कस झाला, आणि बेन्थॅमच्या तागडीत तो मावतो. हेन्री सिजविकने १८७४ मध्ये हेच सांगितलं: सुखवादी माणसाला आपल्या मताशी इमान राखायचं असेल तर जातीचा फरक शेवटी प्रमाणात आणावा लागतो. आणि सुख तेवढंच, पण त्यात माणसाची प्रतिष्ठा आहे, म्हणून वरचं, असं म्हटलं तर ती घडणावळ. जी. ई. मूरने १९०३ मध्ये हा धागा धरला: सुखाखेरीज आणखी काहीतरी तुम्ही चांगलं मानता आहात, तर मग तसं कबूल करा.

मिलच्या बाजूने बोलणारे आजही आहेत. ते म्हणतात, सुख म्हणजे सोन्यासारखा एकजिनसी पदार्थच नव्हे. गाण्याचं सुख गाण्यापासून वेगळं काढून वाटीत ठेवता येत नाही, ते ज्या गोष्टीचं असतं तिचा रंग घेऊनच येतं. मला हे पटतं. पण ते पटलं की सगळ्या सुखांची एका ओळीत क्रमवारी लावायची घाईही कमी होते. वेगळं आहे एवढं कळतं. वर आहे की खाली, ते त्यातून निघत नाही.

दुसरी अडचण पंचांची. दोन्ही सुखं चाखलेले किती तरी लोक पुढे वरचं सोडून खालच्याकडे वळतात. त्यांचं मत का मोजायचं नाही? मिलचं उत्तर असं की उच्च सुखाची क्षमता बहुतेकांत नाजूक रोपासारखी असते. पाणी मिळालं नाही तर ती वाळते. पोटापाण्याच्या कामात आणि भोवतालच्या माणसांत तिला वाव मिळाला नाही, की माणूस हाताशी असेल ते सुख घेतो. तो निवड करतो असं नव्हे, त्याच्याकडे दुसरं काही उरलेलंच नसतं.

हे वाचताना मला माझी आत्या आठवली. लग्नाआधी कादंबऱ्यांचा फडशा पाडणारी. चौदा माणसांच्या घरात गेली आणि वाचन सुटलं. म्हातारपणी मी पुस्तक पुढे केलं तर म्हणाली, "नको गं, आता त्यात जीव रमत नाही. त्यापेक्षा पापड लाटायला बायका जमतात, तिथे बरं वाटतं." मिल म्हणेल, रोप वाळलं. आणि त्यात खरं आहेच. बायकांचं मन काय मागतं हे त्यांना मोकळीक दिल्याशिवाय कळायचं नाही, हे त्यानेच १८६९ च्या 'द सब्जेक्शन ऑफ विमेन' या पुस्तकात ठणकावून सांगितलं.

पण धोकाही इथेच आहे. पंच माझ्या बाजूने बोलला तर तो लायक, आणि विरुद्ध बोलला तर त्याचं रोप वाळलेलं, असं झालं तर कसोटी कधीच हरणार नाही. आणि जी हरूच शकत नाही ती कसोटी कसली? आत्याचं रोप वाळलं की तिला खरोखरच माणसांच्या हसण्यात जास्त गोडी लागली, हे बाहेरून कसं ओळखायचं? मला एकच मार्ग दिसतो. तिला दोन्ही दारं उघडी होती का, हे पाहायचं. पुस्तक हाताशी, तासभर फुरसत, कुणी टोमणा मारणार नाही, असं वर्षभर असतं आणि तरी ती पापडांकडे गेली असती, तर तिचं म्हणणं पुराव्यात धरायला हवं. तसं वर्ष तिला मिळालंच नाही. म्हणून तिच्या बाबतीत मी कुठल्याच बाजूने निकाल देऊ शकत नाही.

शिवाय पापड लाटतानाचं ते हसणं म्हणजे नुसतं शरीराचं सुख का? मिलच्याच यादीत भावनेचं सुख वरच्या रांगेत आहे. म्हणजे रेघ पुस्तक आणि पापड यांच्यामधून जातच नाही. मी ती तिथून ओढली, हा माझा गाढवपणा.

दोन्ही बाजू माहीत असल्याशिवाय पंच व्हायचं नाही, ही अट मात्र मला मिलची सगळ्यात मोलाची गोष्ट वाटते. आणि ती त्याच्या घरातच मोडली गेली होती. जेम्स मिलने १८१७ मध्ये हिंदुस्थानचा मोठा इतिहास लिहिला. तो इथे कधी आला नव्हता आणि इथली एकही भाषा त्याला येत नव्हती. प्रस्तावनेत त्याने उलट असंही मांडलं की हिंदुस्थानात जन्म काढून जे कळणार नाही ते इंग्लंडात खोलीत बसून वर्षभरात कळू शकतं. पुढे १८३५ मध्ये मेकॉलेने संस्कृत आणि अरबी येत नाही हे कबूल करून त्या भाषांतलं वाङ्मय खालच्या पायरीवर बसवलं. त्या वेळी लंडनच्या कचेरीत जॉन मिलने या धोरणाच्या विरोधात खलिता तयार केला होता, पण वरिष्ठांनी तो पुढे जाऊ दिला नाही. तरीही देशी संस्थानांचा पत्रव्यवहार वीसएक वर्षं त्याच्याच टेबलावरून गेला. ग्वाल्हेर, इंदूर, बडोदे ही त्यातलीच संस्थानं. आणि त्यानेही हा देश कधी पाहिला नाही. मागासलेल्या समाजांना स्वातंत्र्याचं तत्त्व लागू नाही, असं मात्र १८५९ मध्ये लिहून ठेवलं. माणूस किती सहज दुसऱ्याच्या ताटाचा पंच होतो, ते पाहा.

हे सगळं घोकून मी पुढच्या बैठकीला गेले आणि अक्कांची माफी मागितली. मग विचारलं, "दोन्हींचा अनुभव कुणाकुणाला आहे? घरचं कुणी सोबत नसताना बायकाबायकांची सहलही केली आहे आणि नेमाने वाचनही करतात, अशा कोण?" सव्वीस जणींत सात हात वर झाले. सातांपैकी पाच जणींनी सहल म्हटलं.

याने पुशपिन जिंकलं असं होत नाही. मिलची कसोटी आयुष्यभर एक सुख कायमचं सोडायला तयार आहात का, असं विचारते. आमचा प्रश्न एका दिवसाचा होता. त्या पाचही जणी दुसऱ्या दिवशी पुन्हा पुस्तक उघडणारच होत्या. एका दिवसाच्या निवडीवरून सुखांची कायमची उतरंड लावता येत नाही, हे एवढं त्यातून समजलं.

हात वर करायची वेळ आली तेव्हा माझा हात मांडीवरच राहिला. समुद्र मी कैक वेळा पाहिलाय, पण दर वेळी मुलं, डबे आणि चपला सांभाळत. नुसत्या बायकांबरोबर मी कधी गेलेच नव्हते. पंच व्हायला मीच लायक नव्हते.

बस ११,००० रुपयांत ठरली. उरलेल्या ७,००० चं लहानसं कपाट केलं. येताना घाटात अंधार पडला, बायका गात होत्या, आणि अक्का खिडकीशी बसून मला सांगत होत्या की लग्नानंतर घरच्यांवाचून घालवलेला हा त्यांचा पहिला दिवस. तो कितवा दर्जा, हे मी त्यांना विचारलं नाही.